अडीचशे शब्दांत कुसुमडीह

दुपारी दोन ते पाच या वेळात मी जागी असते की झोपेत, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. समोर उत्तरपुस्तिकांचा ढीग असतो, हातात लाल पेन असतं, खिडकीत कूलर घरघरत असतो, आणि खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद सरकल्याचा आवाज एका लयीत वर येत राहतो. दिल्लीच्या मुखर्जीनगरात, या क्लासेसच्या वस्तीत, माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. सहा वेळा लोकसेवेची परीक्षा दिली, तीनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, एकदा मुलाखतीच्या खोलीतून हात हलवत परत आले. मग वय संपलं आणि मी दुसऱ्यांची उत्तरं तपासायला लागले. दरभंग्याला माझी आई शेजारणींना सांगते, आमची विभा दिल्लीला परीक्षेच्या कामात आहे. खोटं आहे असंही म्हणता येत नाही.

तपासता तपासता डोळा लागतो आणि मी उत्तरांत शिरते. उत्तर मला घरासारखं दिसतं. प्रस्तावना ही ओसरी. तिथे व्याख्या, एखादी आकडेवारी किंवा अलीकडची घटना ठेवायची आणि पाहुण्याला फार वेळ ताटकळत ठेवायचं नाही. मग मुद्द्यांच्या खोल्या, प्रत्येकीला ठळक मथळा. आणि मागे समारोपाचं दार, तिथून पाहुणा बाहेर पडला की त्याला बरं वाटलं पाहिजे. दीडशे शब्दांच्या उत्तराला पंचवीस, शंभर, पंचवीस. अडीचशेला चाळीस, एकशेसत्तर, चाळीस. वीस प्रश्न, तीन तास. पहिल्या दहा प्रश्नांना सात-सात मिनिटं, पुढच्या दहांना अकरा-अकरा. हिशेब बरोब्बर एकशेऐंशी मिनिटांचा. यात नाक शिंकरायलाही जागा नाही.

हे मोजमाप इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे, पण आमच्या क्लासची खासियत म्हणजे चौकटीचं पुस्तक. ते मी लिहिलं. कृपाल सर, म्हणजे क्लासचे मालक, एके दिवशी म्हणाले, "विभाजी, समाज या विषयावर आयोग फिरून फिरून तेच विचारतो. स्त्रिया, शहरं, जात, म्हातारपण, विस्थापन. प्रत्येकाला दोन सुरुवाती आणि दोन शेवट तयार करून द्या ना. पोरांनी मधलं भरावं." मी दिले. चाळीस पानं झाली. पान बावीस, विस्थापन: 'अशा प्रकारे पुनर्वसनाची धोरणे संवेदनशीलतेने राबवल्यास विकास आणि विस्थापित हे परस्परविरोधी न राहता परस्परपूरक ठरतील.' छान आहे की नाही? गुळगुळीत. कुठे बोट टोचत नाही.

आता आठवड्याला तेच वाक्य मी साठ हस्ताक्षरांत वाचते. साठ घरं हिंडते आणि साठही घरांतून एकाच दारानं बाहेर पडते. कधी कधी झोपेत मला वाटतं, ही सगळी घरं माझीच आहेत आणि एकातही माणूस नाही.

चांदमुनी हेंब्रम आली ती जूनच्या शेवटी. छत्तीस वर्षांची, झारखंडातल्या एका प्राथमिक शाळेत मास्तरीण, बिनपगारी रजा टाकून आलेली. पूर्वपरीक्षा निघाली होती. मुख्य परीक्षा सप्टेंबरात. पुढच्या ऑगस्टला तिचं वय सदतीसाच्या पुढे जाणार होतं, म्हणजे ही शेवटची खेप. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, चपला काढता काढता, पाऊस येणार आहे असं सांगावं तसं.

तिची पहिली पुस्तिका तपासताना माझी झोप उडाली. वीसपैकी चौदा प्रश्न सोडवलेले. त्यातही एकाही उत्तराला शेवट नाही. अडीचशे शब्दांच्या उत्तराला पुस्तिकेत तीन पानं असतात, बाईंचं उत्तर तिसऱ्या पानाच्या तळाशी येऊन वाक्याच्या मध्येच थांबलेलं. पुढे लिहायला कागद नाही. प्रस्तावनाच नव्वद शब्दांची. पण मधलं जे होतं ते मी दोनदा वाचलं. शहरात घरकामाला येणाऱ्या मुलींवर प्रश्न होता, आणि हिनं लिहिलं होतं की मुलगी पहिल्यांदा घरी परत येते तेव्हा आपल्याच आईला मालकिणीच्या आवाजात हाक मारते.

मी तिला बोलावलं. "बाई, उत्तर लिहायला बसलीस की गाव वसवायला?"

"सांगण्यासारखं होतं, दीदी."

"सांगण्यासारखं सगळ्यांकडे असतं. आयोगाकडे तीन पानं असतात. समारोप कुठेय?"

"तिथपर्यंत पोचतच नाही."

"आणि हे काय? 'आम्ही'? उत्तरात 'आम्ही' लिहितात का? 'विस्थापित', 'आदिवासी समुदाय', 'संबंधित घटक'. आम्ही-बिम्ही घरी ठेवून यायचं." मी तिच्या तीनही 'आम्ही'वर लाल काट मारली. ती काट बघत राहिली, मग म्हणाली, "बरं. घरी ठेवीन. घर पाण्यात आहे, पण ठेवीन."

त्या दुपारी चहा पिता पिता तिनं कुसुमडीहची गोष्ट सांगितली. ती नऊ वर्षांची असताना धरणाचं पाणी आलं. भरपाई बापाच्या नावानं आली, कारण जमीन त्याच्या नावावर होती. आई ज्या साल वृक्षाच्या पानांच्या पत्रावळी करायची, जी मोहाची फुलं वेचायची, ते जंगल कोणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून त्याचं काहीच आलं नाही. नवी वसाहत मिळाली. सरळ रेषेत घरं, नळ, डांबरी रस्ता.

"मे महिन्यात पाणी उतरलं की गावाचा माथा वर येतो," ती म्हणाली. "मग बाया जातात. आपापल्या चुलीच्या जागेवर बसतात. तिथे भात शिजवतात, खातात आणि संध्याकाळी परत येतात."

"तुला तुमची चूल सापडते?"

"डोळे मिटून."

कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो नुसताच वारा फेकत होता. त्या वाऱ्यात मला ओल्या मातीचा वास आला असं वाटलं. वाटायचं काय, मला दुपारी काहीही वाटतं.

तिला शेवटपर्यंत न्यायचं कसं, याचा मी चार दिवस विचार केला. आपण हुशार आहोत असं मला अधूनमधून वाटतं, तसं तेव्हा वाटलं. मी तिला म्हणाले, "चांद, तू उलटं कर. पुस्तिका हातात आली, प्रश्न वाचला की आधी तळाशी जा. शेवटच्या चार ओळी. समारोप तिथे लिहून टाक, शाईनं. वीसही प्रश्नांचे. पुस्तकातले पाठ आहेत, अर्धा तास लागेल. मग वर ये आणि सुरुवात कर. मधलं लिहिता लिहिता वेळ संपला, जागा संपली, तरी दार आधीच बसवलेलं असेल."

"आधीच लिहायचं? काय म्हणणार आहे ते ठरायच्या आधी?"

"तुला काय म्हणायचंय याच्याशी आयोगाला काय घेणं? त्याला उत्तर पुरं हवं."

ती हसली नाही. पण तिनं केलं. पुढच्या पेपरात सतरा प्रश्न, त्याच्या पुढच्यात एकोणीस, मग वीस. गुण चढायला लागले. पंधरा गुणांच्या प्रश्नाला साडेतीन मिळायचे तिथे सहा, साडेसहा. इथे सहाला पेढे वाटतात. कृपाल सरांनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, आजपासून समारोप आधी. मला म्हणाले, "विभाजी, तुम्ही पोरांना तळ दाखवलात." त्यांना विनोद झाल्याचं कळलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी सराव परीक्षेचा शेवटचा पेपर झाला. सतरावा प्रश्न मीच घातला होता: 'विकासप्रकल्पांमुळे होणाऱ्या विस्थापनाचे आदिवासी स्त्रियांच्या जीवनावर होणारे परिणाम तपासा. पुनर्वसनाच्या धोरणांनी त्यांची कितपत दखल घेतली आहे? (अडीचशे शब्द, पंधरा गुण)' मला तिच्यासाठी लाडू ठेवल्यासारखा वाटत होता तो प्रश्न.

तिची पुस्तिका मी मुद्दाम शेवटी घेतली. ओसरी नीट होती: लोकसंख्येत आदिवासी आठ-नऊ टक्के, विस्थापितांत मात्र चाळीसच्या आसपास. पुढे प्रश्नाचे दोन भाग ओळखून दोन मथळे. पहिल्यात भरपाई कागदावरच्या मालकाला, सामायिक जंगलाचं नुकसान, नातेसंबंधांची ताटातूट, शहराकडे स्थलांतर. दुसऱ्यात दोन हजार तेराचा भूसंपादनाचा कायदा, ग्रामसभेची संमती, अंमलबजावणीतल्या त्रुटी. शब्द दोनशेबेचाळीस. आणि तळाशी माझं दार, पान बावीस, अक्षर न् अक्षर.

चूल नव्हती. पत्रावळ नव्हती. हे उत्तर कुणीही लिहिलं असतं, मीही. मी त्याला आठ गुण दिले, त्या वर्षीचे सगळ्यांत जास्त, आणि पेन हातात असतानाच माझा डोळा लागला.

स्वप्नात मी त्या उत्तरात शिरले. ओसरी कोरडी होती, भिंतीवर टक्के लिहिलेले. आत गेले तर घोट्याएवढं पाणी, दुसऱ्या खोलीत गुडघ्याएवढं. खोल्यांमध्ये बाया बसल्या होत्या, पाठमोऱ्या, समोर काहीतरी शिजत होतं, पण वास नव्हता. मी म्हटलं, अहो, वेळ होत आला, मागच्या दारानं निघू या. कुणी वळलं नाही. मीच पाणी कापत मागे गेले. दार नवं कोरं होतं, रंग दिलेलं, त्यावर माझं अक्षर. ढकललं तर उघडेना. हात लावून पाहिला तेव्हा कळलं की दार भिंतीवर नुसतं काढलेलं आहे.

जागी झाले तेव्हा लाल पेनची रेघ पानभर गेली होती. मला स्वतःची इतकी चीड आली की मी आठाचा आकडा तसाच ठेवून समासात लिहिलं: 'हे कोणी लिहिलं?'

दुसऱ्या दिवशी चांदमुनी पुस्तिका घेऊन माझ्या टेबलाशी उभी. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"कोणी लिहिलं म्हणजे? तुम्ही लिहिलंय. पान बावीस. मी फक्त उतरवलं."

"बस आधी."

"बसायला वेळ नाही, दीदी. पंधरा दिवस राहिलेत. तुम्हीच म्हणालात आम्ही-बिम्ही घरी ठेव. ठेवलं. तुम्ही म्हणालात दार आधी बसव. बसवलं. गुण आले. आता तुम्हाला त्यात माझं रडणं पण पाहिजे?"

"रडणं नको. तुझ्याकडे आहे ते कुणाकडेच नाही. तो समारोप त्या उत्तरातून येतच नाही, चांद. वर तू म्हणतेस धोरणानं बायांची दखल घेतली नाही आणि खाली म्हणतेस सगळं परस्परपूरक होईल. समारोपानं प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. दोन मुद्दे जुळवून पुढचा रस्ता दाखवायचा. हे तर हळदीकुंकू लावून बोळवण करणं झालं."

"मग हे जुलैत का नाही सांगितलंत?"

खरं सांगायचं तर जुलैत मी स्वतःच्या युक्तीवर खूश होते.

"चार ओळी नुसत्या मोकळ्या सोड," मी म्हणाले. "शाई लावू नकोस. मधलं लिहून झालं की जे निघेल ते लिही."

"आणि पोचलेच नाही तर? परत चौदा प्रश्न?" तिचा आवाज खाली आला. "दीदी, मला तिथे अडीचशे शब्दांत बुडायचं नाहीये. मला पास व्हायचंय. शाळेच्या शिक्षणाधिकाऱ्यासमोर बारा वर्षं उभी राहते मी. एकदा टेबलाच्या त्या बाजूला बसायचंय. बस."

तेवढ्यात कृपाल सर आत आले. "विभाजी, ऐन वेळी घोडं बदलायला लावू नका," ते म्हणाले. ते बरोबर होते. तिनं पुस्तिका पिशवीत घातली आणि जाताना माझ्या पाया पडली. मला ओशाळल्यासारखं झालं.

परीक्षेचे दिवस इथे फार शांत जातात. गल्ल्यांतून टपऱ्यांवरचं बोलणंसुद्धा हळू होतं. परीक्षा सुरू झाली त्या शुक्रवारपासून मी नीट जेवले नाही. तिचा पेपर चालू असेल त्या वेळात खिडकीशी बसून मी मनातल्या मनात मिनिटं मोजायची: आता तीस झाली, समारोप लिहून झाले असतील, आता ती वर आली असेल. सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर झाल्यावर प्रश्नपत्रिका खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर आणून दिली. विस्थापनावर प्रश्न होता. शब्द वेगळे, पण तोच. मी डोळे मिटले.

शेवटचा पेपर झाल्यावर दोन दिवसांनी ती आली. भर दुपारी. चहा नको म्हणाली. "एक कोरी पुस्तिका द्या, दीदी."

मी दिली. ती माझ्या समोरच बसली आणि विस्थापनाचं ते उत्तर लिहायला लागली. आयोग तपासलेली उत्तरं कधी दाखवत नाही, त्यामुळे आपण तिथे काय लिहून आलो ते फक्त आपल्यापाशी राहतं. पुष्कळ जण विसरून जातात, विसरणंच बरं. तिनं आधी तळाशी जाऊन चार ओळी लिहिल्या. पान बावीस. मग वर आली. अकरा मिनिटांत लिहून झालं. मग तिनं पट्टी न घेता, सावकाश, तळाच्या त्या चारही ओळींवर एकेक आडवी रेघ मारली आणि पुस्तिका माझ्याकडे सरकवली.

"अस्संच्या अस्सं," ती म्हणाली.

मी वाचलं. ओसरी चाळीस शब्दांची, एकही जास्त नाही. आत पहिला मथळा, भरपाई, आणि त्याखाली एक ओळ: जमिनीचा मालक मोजला गेला, चुलीची मालकीण मोजली गेली नाही. पत्रावळ होती. मोहाची फुलं होती. वसाहतीतल्या सरळ घरांमुळे बायांना एकमेकींच्या परसात जाता येत नाही आणि त्यामुळे आजारी मूल कुणाला आधी दाखवायचं हेच कळत नाही, हेही होतं. मग कायदा, ग्रामसभेची संमती, आणि संमतीच्या सभेत जमिनीवर बसलेल्या बाया आणि खुर्चीवर बसलेले पुरुष. सगळं आकड्यांसकट, मथळ्यांसकट, चौकटीत. कुठेही रडणं नाही. मी कितीही वर्षं तपासत बसले तरी इतकं भरलेलं घर मला पुन्हा दिसणार नाही, असं वाटलं.

आणि शेवटच्या मुद्द्याखाली लगेच त्या चार खोडलेल्या ओळी. त्यांच्याखाली कागद संपलेला.

"मधलं लिहीत खाली आले," ती म्हणाली, "आणि तिथे ते वाक्य बसलेलं. विकास आणि विस्थापित परस्परपूरक. दीदी, माझ्या आईनं ते वाचलं असतं तर तिला वाटलं असतं मी तिच्याबद्दलच लिहिलंय, तिचं सगळं ठीक झालं म्हणून. हात आपोआप गेला. खोडलं. मग पाहिलं तर लिहायला जागाच नाही."

"समासात?"

"समासात लिहायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत."

मी लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. खोडलेल्या ओळी धरत नाहीत. समारोप नाही, म्हणजे दीड-दोन गुण गेले. मी तिला जुलैत चार ओळी मोकळ्या सोडायला सांगितलं असतं तर तिथे जागा असती. मी तिला ऑगस्टात काहीच बोलले नसते तर ते वाक्य तसंच राहिलं असतं आणि उत्तर पुरं झालं असतं. दोन्ही वेळा मीच नडले. हे मी तिला मोठ्यानं सांगितलं.

"बाकीचे एकोणीस पुरे आहेत," ती म्हणाली. "बघू."

डिसेंबरात मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी आली. मी ती फोनवर तीनदा वरपासून खालपर्यंत वाचली. तिचा क्रमांक नव्हता. ती तोवर गावी परत गेली होती, शाळेत रुजू झाली होती. फोनवर म्हणाली, "मुलांची सहामाही चालू आहे, नंतर बोलते," आणि नंतर बोललीच नाही. मी चार महिने फोन करायला कचरत होते.

सगळे निकाल लागल्यावर, एप्रिलच्या शेवटी, आयोग गुणपत्रिका उघड करतो. तिनं तिची मला पाठवली. मुलाखतीच्या यादीला तीन गुण कमी पडले होते. खाली लिहिलं होतं: 'दीदी, पाणी उतरतंय. या.'

तीन. मी त्या आकड्याकडे पाहत इतका वेळ बसले की कूलर दोनदा भरून झाला. तीन गुण एका समारोपाचे नसतात, दोनच असतात फार तर, हे मला कळतं. पण रात्रंदिवस अर्ध्या-अर्ध्या गुणांत राहणाऱ्या माणसाला असलं गणित समजावून काही उपयोग नसतो. मला रडू आलं. तिच्यासाठी आलं, आणि माझ्या सहा वेळांसाठीही आलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी कृपाल सरांना सांगितलं, नव्या आवृत्तीत चौकटीच्या पुस्तकातले शेवट काढायचे. तिथे चार रिकाम्या ओळी छापायच्या.

"रिकाम्या ओळींचं पुस्तक कोण घेणार, विभाजी?"

"कुणी नाही घेणार," मी म्हणाले, आणि रेल्वेचं तिकीट काढायला गेले.

कुसुमडीहला मी आणि चांदमुनी सकाळी पोचलो. नाव किनाऱ्यापासून थोडीच चालली, मग चिखल, मग सुकून तडकलेली माती. मला वाटलं होतं काहीतरी मोठं दिसेल. भिंतींच्या कमरेएवढ्या उंचीच्या कडा होत्या, गोल, पाण्यानं घासलेल्या, आणि त्यांच्यामध्ये बाया बसल्या होत्या, पाठमोऱ्या. मी जागच्या जागी थांबले. हे मी पाहिलेलं होतं. फक्त इथे वास होता, भाताचा आणि धुराचा.

चांदमुनी एका कडेशी गेली, पायानं माती सारली आणि तीन दगड उघडे केले. तिची आई आधीच तिथे येऊन बसलेली. म्हाताऱ्या बाईनं मला हातानं जवळ बसायची खूण केली आणि लेकीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"विचारतेय, ही तीच का, पेपर तपासणारी."

"सांग, तीच. आणि तिनंच तुझे तीन गुण घालवले म्हणून सांग."

तिनं सांगितलं. म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

भात रटरटायला लागला. ऊन होतं, पण पाण्यावरून वारा येत होता. मला नेहमीच्या वेळेला झोप आली होती की नाही, सांगता येणार नाही. दूरवर पाणी इतकं स्थिर होतं की त्याच्यात आभाळ ठेवून दिल्यासारखं वाटत होतं. मी पिशवीतून ती पुस्तिका काढली, खोडलेल्या ओळींची, आणि सोबत आणलेला एक कोरा कागद तळाला डिंकानं चिकटवला.

"हे काय?" चांदमुनी म्हणाली.

"जागा. चार ओळी. वेळेची अट नाही."

"आता काय उपयोग त्याचा?"

"काही नाही. मला समारोप वाचायचाय."

ती बराच वेळ चुलीत काटक्या सारत राहिली. मग हात पदराला पुसले, गुडघ्यावर पुस्तिका घेतली आणि माझंच पेन मागितलं. लाल होतं. त्या पेनानंच तिनं लिहिलं. लिहिता लिहिता एकदा आईला काहीतरी विचारलं, आईनं एका शब्दात उत्तर दिलं. पुस्तिका परत माझ्या हातात आली.

'म्हणून पुनर्वसन म्हणजे नुसतं नवं घर नव्हे. ज्या बाईच्या चुलीवर पाणी येणार, तिला आधी विचारावं, तिचं नाव कागदावर लिहावं. तोवर विकास आणि आम्ही एका गावात राहत नाही.'

सवयीनं मी शब्द मोजले. सत्तावीस. मर्यादेत होते. वरच्या प्रत्येक खोलीतून सरळ इथे येता येत होतं.

"'आम्ही' राहिलंय," ती म्हणाली. "काट मारा. पेन घ्या."

"राहू दे," मी म्हणाले.

म्हातारीनं सालाच्या पानांच्या तीन पत्रावळी मांडल्या आणि भात वाढायला घेतला.